मऊ कीड ठेवून दाढ बंद केली: निवृत्त होणाऱ्या प्राध्यापिकेच्या निरोपाच्या भाषणातलं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दंत महाविद्यालयात इंटर्नशिप संपवून बाहेर पडणाऱ्या बॅचचा निरोप समारंभ होता. किडलेले दात वाचवणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह विभागाच्या ज्येष्ठ प्राध्यापिकाही त्याच महिन्यात निवृत्त होत होत्या. त्यांना बोलायला दिलेला विषय नेहमीचाच होता, संयम आणि आयुष्यभराचं शिक्षण. या दोन शब्दांवर वीस मिनिटं सहज निघून जातात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मॅडमनी ती वीस मिनिटं एका दाढेवर खर्च केली. पडद्यावर त्या दाढेचे चार एक्स-रे एकामागून एक लावले आणि बाकी सगळं त्यांच्या ओघात सांगितलं. त्यांच्या हाताखाली मी पीजी केलं आणि नंतर त्याच विभागात शिकवायला लागलो. ही दाढ मी आधीपासून ओळखत होतो, तरी त्या दिवशी ती मला नव्यानं कळली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पेशंट अकरावीत शिकणारी सोळा वर्षांची मुलगी. एसटीनं दीड तासावरच्या गावाहून वडिलांबरोबर आली होती. तक्रार उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेची. घास अडकतो, गार पाणी लागलं की कळ येते आणि लगेच थांबते. रात्री दुखून जाग येत नव्हती, सूज नव्हती, दाढेवर ठोकलं तरी दुखत नव्हतं. पहिल्या एक्स-रेमध्ये किडीची काळी सावली पल्पच्या, म्हणजे दाढेच्या आतल्या नसेच्या, टोकाजवळ पोचलेली दिसत होती, पण मध्ये केसाएवढी पांढरी रेघ शिल्लक होती. मुळांच्या टोकाशी सगळं ठीक होतं.

मॅडमनी इथे थांबून समोरच्यांना विचारलं, "तुमच्यापैकी किती जण इथे आरसीटी लिहितील?" आरसीटी म्हणजे रूट कॅनाल, दाढेतली नस काढून टाकणं. बरेच हात वर आले. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. कीड इतकी खोल गेली की बहुतेक ठिकाणी पेशंटच्या कागदावर तोच शब्द पडतो. मॅडम म्हणाल्या, "एक्स-रे कीड कुठवर गेली ते सांगतो. आतली नस जिवंत आहे का आणि सावरू शकेल का, हे तो सांगत नाही. ते पेशंटला विचारावं लागतं आणि दाढेला विचारावं लागतं."

दाढेला विचारायचं म्हणजे कोल्ड टेस्ट. या चाचणीचं वर्णन त्यांनी जितकं बारकाईनं केलं तितकं मी वर्गातही फारसं ऐकलं नव्हतं. आधी डाव्या बाजूची निरोगी दाढ कोरडी करायची, गार स्प्रे मारलेला कापसाचा बोळा तिच्या गालाकडच्या बाजूला टेकवायचा आणि पेशंटला सांगायचं, कळ आली की हात वर कर, गेली की खाली घे. मग तेच दुखऱ्या दाढेवर. या मुलीचा हात दोन्ही वेळा वर गेला आणि दोन्ही वेळा चार-पाच सेकंदांत खाली आला. बोळा काढल्यावरही कळ अर्धा मिनिट रेंगाळली असती, किंवा काही न करता आपोआप उठत असती, तर उत्तर वेगळं झालं असतं. हात वर गेलाच नसता तर आणखी वेगळं. या दाढेची नस चिडलेली होती, पण मेलेली नव्हती आणि हाताबाहेरही गेलेली नव्हती.

मग करायचं काय? इथून मॅडम मागे गेल्या. आमच्या विषयाचा पाया घालणारे अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक १९०८ मध्ये लिहून गेले की मऊ झालेलं डेंटिन, म्हणजे दाताच्या वरच्या कवचाखालचा थर, पल्पवर ठेवण्यापेक्षा पल्प उघडा पडलेला परवडला. जवळजवळ शतकभर जगभर तेच शिकवलं गेलं. मॅडम स्वतः तेच शिकल्या आणि नोकरीला लागल्यावर त्यांनी तेच शिकवलं. परीक्षेत कॅव्हिटीच्या तळाशी एक्सकॅव्हेटर, म्हणजे कीड खरवडायचं हत्यार, फिरवायचा, मऊ लागलं की मार्क कापायचे. आणि खोल किडीत शेवटचा मऊ थर खरवडताना लालबुंद ठिपका दिसायचा, म्हणजे पल्प उघडा पडायचा. ज्या दाढेला फिलिंग पुरलं असतं तिची आरसीटी व्हायची.

यात जुनं सगळं चुकीचं आणि नवं तेवढं बरोबर, असा सोपा हिशोब त्यांनी मांडला नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. कारण ब्लॅकच्या आधी, १८५९ मध्येच, इंग्लंडच्या जॉन टोम्स यांनी उलटं सांगून ठेवलं होतं: दात गमावण्याचा धोका पत्करण्यापेक्षा पल्पच्या रक्षणासाठी रंग बदललेल्या डेंटिनचा थर राहू द्यावा. म्हणजे योग्य सल्ला छापून आलेला होता, पण पुढच्या पिढ्यांनी तो बाजूला ठेवला. तो परत यायला पुरावा लागला, आणि पुरावा जमायला वर्षं लागली. अमेरिकेत मर्ट्झ-फेअरहर्स्ट यांच्या गटानं किडीवरच घट्ट फिलिंग करून दहा वर्षं वाट पाहिली आणि निष्कर्ष १९९८ मध्ये मांडला: वरून सील पक्कं असेल तर खालची कीड पुढे सरकत नाही. कीड करणाऱ्या जंतूंना साखर बाहेरून मिळते. वाट बंद झाली की ते उपाशी पडतात. २०१६ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितलं की नस जिवंत असलेल्या दातात कीड पल्पच्या जवळ पोचली असेल तर तळाशी मऊ डेंटिन राहू द्यावं.

मॅडमचं म्हणणं होतं, "मी शिकवायला लागले तेव्हा जे उत्तर बरोबर होतं, त्याच उत्तराला आज मी मार्क देणार नाही. तुमच्या वहीतलं कुठलं पान असं निघेल ते आज मला सांगता येत नाही. पण एखादं निघणार हे नक्की."

आता दाढेकडे. प्रत्यक्ष कामाचा भाग त्यांनी सावकाश सांगितला, कारण 'मऊ कीड ठेवा' एवढंच ऐकून मुलं बाहेर पडली असती तर नुकसान झालं असतं. कीड कुठे ठेवायची आणि कुठे अजिबात नाही, हाच या पद्धतीचा गाभा आहे.

सगळ्यात आधी भूल. खालच्या जबड्याचा ब्लॉक दिल्यावर ओठ काही मिनिटांत बधिर होतो, पण दाढेच्या नसेपर्यंत भूल पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ओठ जड झाला म्हणून लगेच ड्रिल लावलं की पेशंट दचकतो आणि हात हलतो. खोल कॅव्हिटीत हात हलणं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. मग रबर डॅम, म्हणजे दाढ थुंकीपासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा. पल्प चुकून उघडा पडलाच तर थुंकीतले जंतू आत जायला नकोत, आणि नंतरचं फिलिंग कोरड्या दातावरच चिकटतं.

त्यानंतर आधी भिंती, मग तळ. कॅव्हिटीच्या चारही बाजूंच्या कडा पूर्ण स्वच्छ करायच्या, इनॅमलच्या खालचं डेंटिन टणक लागेपर्यंत. तिथे तडजोड नाही, कारण सील तिथेच बसणार असतं. ड्रिलचा गोल टोकाचा राउंड बर भिंतींवर फिरला, तळाकडे गेला नाही. तळाशी मॅडमनी हातातला स्पून एक्सकॅव्हेटर घेतला. वरचा ओला, पिवळट, लोण्यासारखा निघणारा थर काढला, फिलिंगला पुरेशी जाडी मिळेल इतकाच. त्याखाली चामड्यासारखं चिवट लागायला लागलं, आणि पल्पच्या अगदी डोक्यावर थोडं मऊही राहिलं. तिथे त्या थांबल्या.

"रंगावर जाऊ नका," त्यांनी सांगितलं. गर्द तपकिरी, जवळजवळ काळं डेंटिन कोरडं आणि टणक असू शकतं. ती थांबलेली कीड असते. फिकट पिवळं आणि ओलं दिसतं ती चालू कीड. निर्णय हाताला काय लागतं त्यावर घ्यायचा, आणि हाताला ते कळायला शेकडो दाढा जाव्या लागतात.

त्या तळावर ग्लास आयोनोमर सिमेंट आणि वर कॉम्पोझिटचं कायमचं फिलिंग, त्याच बसण्यात. कडा परत तपासल्या, चावताना उंच लागत नाही ना ते पाहिलं. मुलीला घरी पाठवलं.

दुसरा एक्स-रे फिलिंगनंतर लगेच काढलेला. त्यात पांढऱ्या फिलिंगखाली एक काळा पट्टा स्पष्ट दिसत होता. मॅडम म्हणाल्या, हा पट्टा मी ठेवलेला आहे. पुढचं सगळं भाषण त्या पट्ट्याभोवती फिरलं.

डेंटिस्टच्या कामात संयमाचा अर्थ काय, याचं मला आजवर मिळालेलं सगळ्यात नेमकं उत्तर इथे आलं. खुर्चीवर हळू काम करणं हा त्याचा लहानसा भाग झाला. खरी वाट पाहणं फिलिंग झाल्यावर सुरू होतं. पल्पच्या आतल्या पेशी किडीच्या दिशेनं नवं डेंटिन रचत असतात, पण त्यांचा वेग सरासरी दिवसाला दीड मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि तोही पुढे मंदावतो. सगळं नीट चाललं तरी सहा महिन्यांत जेमतेम पाव मिलिमीटर. तो पाव मिलिमीटर डेंटिस्टला घाईनं मिळवता येत नाही. त्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, सील पक्कं करणं आणि पेशंटला परत बोलावणं.

परत बोलावायचं ते ही नस गुपचूप मरू शकते म्हणून. जिवंत, चिडलेली नस दुखते. मेलेली नस कित्येकदा महिनोन्‌महिने दुखत नाही. पेशंट खूश, डेंटिस्ट खूश, आणि मुळाच्या टोकाशी हाड विरघळत असतं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे या प्रकरणात खरं धरता येत नाही. म्हणून सहा महिन्यांनी परत कोल्ड टेस्ट आणि वर्षानं एक्स-रे. तिसरा एक्स-रे तो वर्षानंतरचा. काळा पट्टा होता तेवढाच होता, रुंदावला नव्हता. पल्पचं छत पहिल्यापेक्षा किंचित जाड दिसत होतं. मुळांच्या टोकाशी हाडाची रेघ अखंड. गार बोळ्याला मुलीचा हात वर गेला आणि लगेच खाली आला.

बहुतेक भाषणं इथे संपली असती. पण चौथ्या एक्स-रेशिवाय हे प्रकरण अर्धवट आहे, आणि मॅडमनी तो शेवटी ठेवला ते बरं झालं.

बारावीनंतर मुलगी शिकायला पुण्याला गेली. तिथे दुसऱ्याच एका दातासाठी एका क्लिनिकमध्ये गेली तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. फिलिंगखाली काळा पट्टा दिसला. त्यांनी सांगितलं, फिलिंगखाली कीड राहून गेली आहे, आरसीटी करून कॅप बसवावी लागेल. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्यानंही तेच सांगितलं असतं. ठेवलेली कीड आणि नव्यानं झालेली कीड एका एक्स-रेवर सारखीच काळी दिसते. फरक कळायला जुना एक्स-रे शेजारी हवा. तो मुलीजवळ नव्हता. तो आमच्या विभागाच्या फायलीत होता.

मुलीनं तिथे हो म्हटलं नाही, वडिलांना फोन केला. वडिलांनी विभागात फोन केला. मॅडमनी सगळे जुने एक्स-रे आणि एक पान मजकूर त्या क्लिनिकला पाठवला. तिकडच्या डॉक्टरांनी नवा एक्स-रे परत पाठवला आणि आरसीटी थांबवली. हा तो चौथा एक्स-रे. पट्टा तिसऱ्यासारखाच, कडेला किंचित फिका. इतकी सांभाळलेली दाढ निव्वळ कागद सोबत नसल्यामुळे उघडली जाणार होती.

तेव्हापासून मॅडम अशा प्रत्येक पेशंटला एक चिठ्ठी देत आल्या. त्यातला मजकूर त्यांनी भाषणात वाचून दाखवला. "उजवी खालची पहिली मोठी दाढ. नस जिवंत. पल्पवर मऊ डेंटिन हेतुपुरस्सर ठेवलं आहे. फिलिंगखालची काळी सावली जुनी आहे, सोबतच्या एक्स-रेशी पडताळून पाहावी. कोल्ड टेस्टला प्रतिसाद आहे." खाली तारीख, सही, फोन नंबर. हल्ली सोबत एक्स-रेचा फोटो पेशंटच्या मोबाइलवर पाठवतात. चार ओळी आहेत, पण त्या लिहिताना आपण दुसऱ्या डेंटिस्टला आपलं काम तपासायला देत असतो, आणि त्याची सवय फार थोड्यांना असते.

शिक्षणाचा मुद्दा त्यांनी इथे जोडला. कोर्स, परिषदा, क्रेडिट पॉइंट्स यांना त्यांनी नावं ठेवली नाहीत, ते सगळं हवंच. पण प्रॅक्टिसमध्ये बिघडलेली केस सहसा आपल्याकडे परत येत नाही, पेशंट गुपचूप दुसरीकडे जातो. जो परत येत नाही त्याला आपण बरा झाला असं धरून चालतो. अशानं वीस वर्षं काम करूनही माणूस पहिल्याच वर्षाची समजूत घट्ट करत राहतो. आपण केलेली दाढ वर्षानं स्वतः बघितली तरच आपलं चुकतंय की जमतंय ते कळतं. त्या म्हणाल्या, "पेशंटला परत बोलावणं म्हणजे त्याच्यावर उपकार नाहीत. तो तुम्हाला शिकवायला येतो."

या बोलण्यात मला त्यांचं सगळं म्हणणं सापडलं. पत्रिकेवर दोन विषय छापले होते, पण त्यांच्या दृष्टीनं ते वेगळे नव्हतेच. जो वाट बघतो आणि परत बोलावतो त्यालाच शिकायला मिळतं. घाईनं आरसीटी करून मोकळा होणाऱ्याला ती दाढ वाचली असती का, हे कधीच कळत नाही.

प्रश्नोत्तरं होणार नव्हती, पण एका इंटर्ननं उभं राहून विचारलं, "मॅडम, पेशंट परत आलाच नाही तर?" प्रश्न अगदी योग्य होता. मॅडमनी त्याला पुराव्यानं उत्तर दिलं. पूर्वी अशा दाढेत मधली पद्धत शिकवायचे: तात्पुरतं फिलिंग करायचं, काही महिन्यांनी दाढ परत उघडून उरलेली कीड काढायची. ब्राझीलमध्ये माल्त्झ यांच्या गटानं दोन्ही पद्धतींची तुलना केली. एकाच बसण्यात कायमचं फिलिंग केलेल्या दाढांपैकी तीन वर्षांनी सुमारे ९१ टक्क्यांची नस जिवंत होती. दोन टप्प्यांच्या पद्धतीत ते प्रमाण ६९ टक्के होतं, आणि त्यात दुसऱ्या टप्प्याला न आलेल्या पेशंटचा वाटा मोठा होता. तात्पुरतं फिलिंग झिजलं, गळलं आणि नस गेली. "म्हणून पेशंट येणार नाही असं धरूनच काम करायचं," मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कायमचं सील द्यायचं, चिठ्ठी हातात ठेवायची, आणि तरीही बोलवायचं." ती मुलगीही सहा महिन्यांनी आपणहून आली नव्हती. विभागातून तिच्या वडिलांना फोन गेला होता.

मर्यादाही त्यांनी तितक्याच स्पष्ट सांगितल्या. रात्रीची झोपमोड, आपोआप उठणारी कळ, रेंगाळणारं दुखणं, मुळाच्या टोकाशी डाग, यातलं काही असेल तर ही पद्धत तिथे नाही. कडा कोरड्या ठेवता येत नसतील, कीड हिरडीखाली खोल गेली असेल आणि सील बसण्याची खात्री नसेल, तिथेही नाही. नस जिवंत आहे की नाही याची शंका असताना 'बघू, थांबू' म्हणणं याला त्यांनी संयम म्हटलं नाही. निदान टाळणं म्हटलं.

माझ्या मते भाषणात एक गोष्ट राहिली. ती मी मॅडमना नंतर बोलून दाखवली, म्हणून इथेही लिहितो. आरसीटी आणि कॅपचे पैसे फिलिंगच्या कितीतरी पट असतात. नवं क्लिनिक, खुर्चीचा हप्ता, दुकानाचं भाडं यांच्या ओझ्याखालच्या मुलाला वर्षानं फुकट कोल्ड टेस्ट करायला सांगणं सोपं नाही. परत बोलावण्याची फी कोणी आकारत नाही, आणि आकारली तर पेशंट येत नाही. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की फिलिंगची फी सांगतानाच वर्षभराच्या दोन तपासण्या त्यात धराव्यात आणि पेशंटला तसं आधीच सांगावं. पैसे भरलेला माणूस परत येतो. यानं प्रश्न पूर्ण सुटतो असं मला वाटत नाही, पण गावाकडे प्रॅक्टिस टाकलेल्या आमच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी आता तशीच फी लावायला सुरुवात केली आहे. विभागातही चिठ्ठीचा छापील नमुना आता ओपीडीच्या टेबलावर असतो. इंटर्ननं तो भरल्याशिवाय अशा केसच्या कागदावर मी सही करत नाही.